साळवे सरांना काढावं का?

आकाशकंदील उतरले, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की आमच्या शहरातल्या मैदानांवर चुन्याच्या रेषा पडतात. ओल्या मातीवर टाकलेला चुना एक विशिष्ट वास सोडतो. घराला पहिल्यांदा रंग देताना येतो तसा, थोडा नाकाला झोंबणारा. परवा मुकुंदवाडीवरून जाताना रिक्षातच तो वास आला आणि कळलं, फुटबॉलची लीग सुरू होतेय. रिक्षावाल्याला काही तो जाणवला नसेल. मी मात्र पुढचं सगळं अंतर काही वर्षांपूर्वीच्या एका मोसमातच होते.

मी एका दैनिकाच्या क्रीडा पानावर काम करते. हे पान म्हणजे तीन चतुर्थांश क्रिकेट आणि उरलेल्यात जग. त्या उरलेल्या जागेत दर गुरुवारी माझं एक छोटं सदर असतं. शाळांचा खो-खो, तालमी, बुद्धिबळ, जे वाट्याला येईल ते. फुटबॉलला इथं गर्दी कमी, पण जी असते ती पक्की. सामना चालू असताना शेजारून रेल्वे गेली तरी माना वळत नाहीत.

गेट क्लब हा रेल्वे फाटकाजवळच्या पोरांचा संघ. निम्मे वाळूजला कारखान्यात, काही शेंद्र्याला, दोघं-तिघं कॉलेजात. दोन वर्षांत खालच्या गटातून वर चढत ते जिल्ह्याच्या पहिल्या गटात आले होते. त्यांना तिथवर आणलं ते नामदेव साळवे यांनी. कागदोपत्री ते प्रशिक्षक, पण क्लबात सगळे त्यांना मॅनेजर म्हणत आणि तेच खरं होतं. सराव घेणं, अकरा जण निवडणं, सामना चालू असताना कुणाला बाहेर घ्यायचं आणि कुणाला आत पाठवायचं ते ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ माणूस. वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरी. अंगात बारा महिने तोच तपकिरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. मार्चच्या उन्हातही. ओरडणं त्यांना ठाऊक नव्हतं. गोल खाल्ला की ते फक्त घड्याळाकडे बघत.

त्या वर्षी ते फार वेळा घड्याळाकडे बघत होते.

पहिल्या गटात दहा संघ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात, एकदा दुसऱ्या. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटी तळाचे दोन संघ खालच्या गटात जातात. पहिला अर्धा संपला तेव्हा गेट क्लब सगळ्यात खाली होता. एक विजय, दोन बरोबऱ्या, बाकी सगळे पराभव. संक्रांतीची सुट्टी लागली, मैदानं रिकामी झाली आणि बोलायला सगळ्यांना वेळ मिळाला.

आमचे संपादक बाविस्कर केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "सुनंदा, गेट क्लबात साळवेंना काढायचं घाटतंय म्हणे. या गुरुवारी लिही. काढावं की नाही. पण तळ्यात-मळ्यात नको. एक बाजू घे."

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, सहाशे शब्दांच्या सदरानं कुणाचं काय बिघडतं! पण लहान शहरात छापलेलं मत फार लवकर खऱ्या माणसाच्या घरी पोचतं. क्लबाच्या समितीतले सातही जण आमचं दैनिक घेत. साळवेही.

म्हणून आधी विचारायला गेले. पहिले क्लबाचे सचिव कदम. हार्डवेअरच्या दुकानात बसलेले, समोर हुरड्याची परडी. त्या दिवसांत इथं कुणाकडेही गेलं तरी हातावर हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी पडतेच. कदमांनी आडपडदा ठेवला नाही.

"ताई, शेठ म्हणतात, टीशर्टवर माझं नाव आन् टीम तळाला. कुणीतरी जायलाच पाहिजे का नाय? आता पोरं तर काढता येत नाहीत, लई आहेत. एक माणूस काढता येतो."

शेठ म्हणजे शेंद्र्यातले कारखानदार, संघाचे प्रायोजक. आणि कदमांच्या त्या वाक्यात या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. मॅनेजर बदलतात तो बहुतेक वेळा तोच चुकला म्हणून नव्हे. बदलता येण्यासारखा तोच एक असतो म्हणून.

"दुसरं कोण बघितलंय?" मी विचारलं.

"पुण्याचे एक आहेत. कोचिंगचं लायसन्सवाले. लई हुशार. पण शनिवार-रविवारच येऊ शकतात."

"आणि सराव कधी असतो?"

"मंगळवारी आन् शुक्रवारी. संध्याकाळी." हुरड्याचा घास चावता चावता कदम थांबले. "व्हय, ते बघावं लागेल."

मग कर्णधार इम्रान. मधल्या फळीत खेळायचा, वाळूजला गिअरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. पाळी सुटल्यावर शहागंजात चहाला भेटला. साळवेंनी त्याला पंधरा वर्षांचा असताना उचललं होतं आणि आता तो चौतिशीचा होता.

"मॅडम, सर को निकालना नक्को," तो म्हणाला. मग बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बराच वेळ प्यायलाच नाही. "पर एक बात सच बोलूँ? आखरी पंधरा मिनिटमें मेरे पाँव नहीं उठते. सर मेरेकू बाहर नहीं लेते. किसीकू नहीं लेते. बेंचपर लडके बैठे रहते, गुस्सा होते."

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण जोडलं नव्हतं. घरी येऊन त्या मोसमातल्या माझ्याच बातम्या वाचल्या. खाल्लेल्या गोलांमध्ये निम्म्याहून जास्त शेवटच्या पंधरा मिनिटांतले. नियमाप्रमाणे पाच बदली खेळाडू उतरवता येतात. साळवे एखादा उतरवत, तोही कुणी लंगडला तर. ज्यांनी संघ वर आणला त्यांना अर्ध्यातून बाहेर काढणं त्यांच्या जिवावर येत असावं. आणि ते जुने पाय साऱ्या आठवड्याच्या पाळ्या करून आलेले असत.

म्हणजे दोष होता. खरा होता. साळवेंचाच होता.

पण त्याच बातम्यांत आणखीही काही होतं. बचावातला सगळ्यात भरवशाचा खेळाडू, बबलू, तिसऱ्याच सामन्यात गुडघा धरून बसला आणि नंतर उतरलाच नाही. वरच्या चार संघांशी झालेले सगळे पराभव एकेका गोलाचे होते. गोलासमोर संधी मिळत होत्या, चेंडू खांबाला लागून परतत होते. जो संघ संधीच निर्माण करत नाही तो आजारी असतो. जो निर्माण करतो आणि घालवतो, त्याचं नशीब तरी कधी ना कधी फिरतं.

साळवेंकडे शेवटी गेले. मैदानावर गोलाच्या फाटक्या जाळीला ते स्वतः दोरी बांधत होते. दव अजून वाळलं नव्हतं, त्यांच्या चपलांना गवताची पाती चिकटली होती.

"लिहिणार आहात म्हणे," ते म्हणाले.

"हो. तुमची बाजू सांगा."

"माझी बाजू काय असणार, मॅडम? गुणतक्ता आहे की." गाठ आवळत ते म्हणाले. मग म्हणाले, "बबलू परत येतोय पुढच्या महिन्यात."

एवढंच. बदली खेळाडूंबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

सदर लिहायला बसले तेव्हा खिडकीबाहेर गच्चीवर पोरांचे पतंग होते, सारखी 'काटा'ची बोंब. मी लिहिलं: काढू नका. आणि का, ते एकेक करून मांडलं.

मॅनेजर बदलला की पुढचे दोन-तीन सामने संघ बरा खेळतो, असं सगळे सांगतात, आणि ते दिसतंही. पण आपण डॉक्टरकडे कधी जातो? ताप सगळ्यात जास्त असतो तेव्हा. दुसऱ्या दिवशी तो उतरतो, बऱ्याचदा आपला आपणच, आणि श्रेय औषधाला जातं. मॅनेजरलाही संघ तळाशी असतानाच काढतात. तिथून थोडं वर येणं एरवीही घडणारच असतं. त्यातून दुसऱ्या अर्ध्यात गेट क्लबचे तळाच्या संघांशी असलेले बहुतेक सामने फाटकाजवळच्या आपल्या मैदानावर होते. म्हणजे सोपी उतरण आता येणार होती, गाडी कुणीही चालवो.

दुसरं, नवा माणूस नवं काय करणार? खेळाडू नोंदवायची मुदत संपलेली. नवा खेळाडू घेता येणार नाही. पोरं तीच, पाय तेच. आठवड्यात सराव दोनदा, आणि तो माणूस त्या दोन्ही दिवशी पुण्यात. कोण कुठल्या पाळीला आहे, कुणाचा डावा पाय कच्चा आहे हे कळेपर्यंत मार्च उजाडेल.

आणि बदलाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचंही मी लिहिलं, कारण ते खोटं नव्हतं. बाकावरची तरुण पोरं चिडली होती. संघाचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता, आणि तो कधी कधी निव्वळ नवा चेहरा दिसल्यानंही परत येतो. ज्या मॅनेजरचं बोलणं खेळाडूंच्या कानात शिरत नाही तो कितीही जाणता असो, गेला पाहिजे. पण इथं तसं नव्हतं. पोरं साळवेंचं ऐकत होती. साळवेच पोरांच्या पायांचं ऐकत नव्हते. म्हणून शेवटी लिहिलं: माणूस बदलू नका, त्याची सवय बदला. समितीनं त्यांना स्पष्ट सांगावं, दमलेल्यांना वेळेत बाहेर घ्या. पुढच्या चार सामन्यांत ते झालं नाही तर मात्र मीच म्हणेन, बदला.

बाविस्करांनी वाचलं. "बाजू घेतलीस आणि कानही उपटलेस," म्हणाले आणि छापायला सोडलं.

समितीत तीनास तीन मतं पडली. कदमांनी सातवं मत देण्याआधी म्हणे माझं सदर वाचून दाखवलं आणि साळवे राहिले. मला बरं वाटलं. शुक्रवारी सरावाला गेले तर साळवे माझ्याशी बोलले नाहीत. मैदान पार करून गेले. शेवटी मीच गाठलं.

"माझ्याबद्दल काय बी लिहा," ते म्हणाले. "पोरांचे पाय दमले हे साऱ्या शहराला कशाला सांगायचं? इम्रानची बायको पेपर वाचती. त्याची आई वाचून घेती."

सदरात मी इम्रानचं नाव घेतलं नव्हतं, पण मधल्या फळीत चौतिशीचा दुसरा होता कोण?

दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा थंडी ओसरली होती. गाड्यांवर पेरू कमी, द्राक्षं जास्त. पहिल्याच सामन्यात एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं उरलेली असताना साळवे रेषेजवळ आले आणि त्यांनी हात वर केला. इम्रानला बाहेर बोलावलं. इम्रान पळत आला नाही, चालत आला. हातावरचा कर्णधाराचा पट्टा काढून त्यानं आत जाणाऱ्या मुलाच्या दंडावर चढवला. साळवेंनी स्वतःचा स्वेटर काढला आणि त्याच्या घामेजल्या खांद्यांवर टाकला. त्या मोसमात मी त्यांना स्वेटरशिवाय तेव्हाच पाहिलं. सामना बरोबरीतच सुटला, पण शेवटी गोल खाल्ला नाही.

मग फेब्रुवारी चांगला गेला. बबलू परतला. सलग दोन विजय, दोन्हीत शेवटचा गोल बाकावरून उठलेल्या पोरांनी केला. मैदानाच्या कडेला गर्दी वाढली, भेळेच्या गाड्या दोनाच्या चार झाल्या. ऊन चढलं, गवत पिवळं पडलं, धावणाऱ्यांच्या मागं धूळ उठू लागली. लोक मला रस्त्यात थांबवून सांगत, "बराबर लिहिलं होतं." मला आवडत होतं ते, नाही म्हणत नाही. आपलं मत गुणतक्त्यावर वर सरकताना बघणं ही मोठी चैन आहे.

शेवटच्या सामन्याला जिंकलं तर गेट क्लब वाचणार होता, बरोबरी झाली तर एका गुणानं खाली जाणार होता. एक गोल पहिल्या पाच मिनिटांतच खाल्ला, बबलूचा पाय घसरला म्हणून. उत्तरार्धात बाकावरच्या पोरानं तो फेडला. साळवेंनी पाचही बदल केले. शेवटी शेवटी तर बबलूसुद्धा पुढं जाऊन खेळत होता. चेंडू एकदा आडव्या दांडीला लागला, आवाज कडेपर्यंत आला. एक-एक. शिट्टी झाली. खेळाडू जिथं होते तिथं बसले. बाजूनं मालगाडी जात होती, तिचे डबे संपतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोन. पुण्याचा माणूस आणला असता तर तो एक गुण मिळाला नसता का? बाविस्कर म्हणाले, "चुकलं का, त्यावर लिही."

मी खूप विचार केला. दुसऱ्या अर्ध्यात संघानं पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त गुण मिळवले होते. मग मी बरोबर? पण संघ खाली गेला. मग चूक? तोच मोसम, तीच पोरं, तीच दांडी घेऊन दुसऱ्या माणसासह पुन्हा खेळता आलं असतं तरच उत्तर मिळालं असतं. क्रीडा पानावर लिहिणाऱ्यांची हीच सोय आणि हीच गैरसोय. जे घडलं नाही त्याचा गुणतक्ता कुठं लागत नाही. निकाल वाईट आला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, हे वाक्य लिहिलं आणि खोडलं. खरं होतं, पण पळवाटेसारखं दिसत होतं.

त्याच आठवड्यात साळवेंचा फोन आला. घरी या म्हणाले.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली शिल्डांची रांग. त्यांच्या पत्नीनं पोहे दिले आणि त्याही तिथंच बसल्या. साळवेंनी नमनाला घडाभर तेल घातलं नाही.

"मॅडम, आता लिहा. साळवेला बदला म्हणून."

मला वाटलं, रागानं बोलतायत. पण राग नव्हता.

"मधेच बदलू नका म्हणालात, ते पटलं मला. खेळाडू घेता येत नाहीत, सरावाला वेळ नाय, नवीन माणसाला पोरं ठाऊक नाहीत. बराबर. मग आता बघा. आता नोंदणी उघडणार. सहा महिने हातात आहेत. नवा माणूस आला तर पावसाळ्याआधी पोरांची ओळख होईल. तुमची सगळी कारणं आता उलटी फिरली. तुम्ही अर्धंच लिहिलं होतं."

"पण सर, फेब्रुवारीत तुम्ही बदलला होतात. पाचही बदल करत होतात."

"करत होतो. इम्रानला बाहेर घेतलं त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाय." त्यांच्या पत्नीनं मान हलवली. "हे करून बी ज्याला जेवण जातं असा माणूस पाहिजे. शेंद्र्याकडं एक पोरगी आहे, शाळेत खेळ शिकवती, लायसन काढलंय, रोज येऊ शकती. समितीला मी सांगितलं तर म्हणतील, सर, तुम्ही थांबा, तुम्हीच आणलं वर. लाजेपोटी ठेवतील. आन् पुढच्या संक्रांतीला मधेच काढतील. तेव्हा परत लिहाल का, काढू नका म्हणून?"

मी पोहे संपवले आणि घरी येऊन लिहायला बसले.

ते सदर तासाभरात झालं. कारणं तयारच होती, फक्त वारा दुसऱ्या बाजूनं वाहत होता. साळवेंनी बोलावलं होतं, हे लिहिलं नाही. तशी त्यांची अट होती. खरं तर ते लिहायला हवं होतं असं मला वाटत होतं, मी तसं त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, मग नका लिहू काहीच. मी कारणं पुन्हा तपासली. ती त्यांच्याशिवायही उभी राहत होती. ती मला पटत होती. म्हणून माझं नाव घालून छापायला दिलं.

समितीनं एकमतानं निर्णय घेतला. शेंद्र्याची मुलगी आली, सुजाता. आज त्या संघाला कोण शिकवतं हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा मात्र दुकानांत, टपऱ्यांवर लोक मला तोंडावर विचारत होते, "तुम्हीच वाचवलं, आन् तुम्हीच घालवलं व्हय?" इम्रान तर शहागंजात समोर दिसला आणि चहा न घेताच निघून गेला.

त्याआधी, सदर छापून आलं त्या दुपारीच, साळवेंचा फोन आला होता.

"वाचलं," ते म्हणाले. "चांगलं झालंय. एका ठिकाणी 'साळवे यांना आता दूर करावं' असं लिहिलंय."

'त्यांनी दूर व्हावं' एवढं तरी मी लिहायला हवं होतं. निदान जाणाऱ्याच्या हातात जाणं राहिलं असतं. म्हटलं, "सर, चुकलं. उद्या दुरुस्ती छापते."

"नाय, नाय. राहू द्या," ते म्हणाले. "व्हावं लिहिलं असतं तर समिती माझ्या होकाराची वाट बघत बसली असती. करावं हेच बराबर आहे."